पंधरा सेंटीमीटर पन्ह्याचं कापड

नव्वदीच्या दशकात मी भिवंडीत एका लूमवाल्या शेठच्या ऑफिसात कॉम्प्युटर चालवत होते. शेठ कोकणी मुसलमान, पिढ्यानपिढ्या कापडाच्या धंद्यातले. कॉम्प्युटरवर त्यांचा जीव, पण विश्वास अजिबात नाही. मला ते बेटा म्हणायचे आणि माझ्यावरही तितपतच विश्वास ठेवायचे.

त्या दिवशी परदेशातली त्यांची पहिलीच ऑर्डर आली होती. मुंबईच्या एजंटने माणसाबरोबर फ्लॉपी पाठवली आणि संध्याकाळपर्यंत फोन करून सगळे आयटम विणाल की नाही ते सांगा, असा निरोप दिला. एकही आयटम नाकारला तर ऑर्डर दुसऱ्याला. शेठ सकाळपासून चहा मागवत होते आणि थंड करत होते.

आमच्या लूमच्या प्रोग्रॅमला कॉमा टाकून वेगळे केलेले रकानेच कळत. या फायलीत मात्र दोन रकान्यांच्या मध्ये सेमीकोलन. त्यासाठी कल्याणच्या प्रोग्रॅमरने एक छोटं वळवणारं साधन करून दिलं होतं. आपल्याकडे लाखाचे आकडे कॉमा टाकून लिहितात, म्हणून त्या शहाण्याने ते साधन आकड्यातले कॉमा गिळून टाकेल अशी सोय केली होती. त्याचा त्याला फार अभिमान होता.

मी फाइल त्यातून काढली. पन्ह्याच्या, म्हणजे कापडाच्या रुंदीच्या, रकान्यात १४५, १६२ असे आकडे आले. कुठला रकाना कशाचा ते एजंटच्या माणसाने सांगितलं होतं, पण मथळ्यातलं माप परदेशी भाषेत, ते कोणाला कळणार? लूमची सगळी जबाबदारी ज्यांच्यावर, ते मास्टर उत्तर प्रदेशचे. त्यांनी आकडे बघितले आणि सेंटीमीटर आहेत असा निकाल दिला. ते बरोबरही वाटत होतं. मग सहावा आयटम आला, पन्हा १५.

पंधरा सेंटीमीटर रुंदीचं कापड कोण नेसतं? मास्टर म्हणाले, नाडा असेल. शेठनी यावर गंभीरपणे विचार केला. परदेशात पायजमे घालत असतील का, घातले तर त्यांना एवढा रुंद नाडा का लागावा, यावर दोघांची चर्चा रंगली. शेवटी शेठनी शहरातल्या नाडेवाल्याला बोलावणं धाडलं, म्हणजे तो आयटम त्याच्याकडून विणून घेता येईल. मला हसू येत होतं आणि रागही येत होता, कारण शेठचा चेहरा खरोखर उतरला होता. त्यांना ही ऑर्डर हवी होती, फार हवी होती.

मी मूळ फ्लॉपी डॉसमध्ये उघडून जशीच्या तशी वाचली. तिथे सहाव्या ओळीत १,५ होतं आणि पहिल्या ओळीत १,४५. त्या लोकांकडे दशांशाच्या टिंबाच्या जागी कॉमा बसतो. आमच्या साधनाने तो गिळला आणि दीडाचे पंधरा केले. बाकीच्या आकड्यांत दशांशानंतर दोन घरं, म्हणून ते सेंटीमीटरसारखे दिसून गेले.

मग मी फायलीची कॉपी घेऊन बदलायला बसले. घाईत आधी सेमीकोलनचे कॉमा केले आणि सगळाच घोळ झाला, कारण कुठला कॉमा रकान्याचा आणि कुठला दशांशाचा ते कळेना. ती कॉपी फेकली, नवी घेतली. या खेपेला आधी कॉमांची टिंबं केली, मग सेमीकोलनचे कॉमा. शेऱ्याच्या रकान्यात दोन परदेशी शब्दांमधल्या कॉमाचंही टिंब झालं होतं. तिथे हाताने कॉमा परत घातला आणि पूर्ण शेरा दुहेरी अवतरणांत ठेवला, नाहीतर त्या एका ओळीत एक रकाना जास्त झाला असता.

कागद छापून शेठसमोर ठेवला. १.४५, १.६२, १.५. मास्टर अजून सेंटीमीटरवरच अडून होते. त्यांनी चष्मा वर केला आणि दुःखाने म्हणाले, "शेठ, अब तो नाड़ा भी नहीं बनेगा. डेढ़ सेंटीमीटर में तो फीता निकलेगा."

शेठनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच परदेशी कापड आकसवलं. मी मोजायच्या टेपचं एक टोक मास्टरांच्या हातात दिलं आणि दीड मीटरवर थांबले. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. "मीटर आहेत, शेठ," मी म्हटलं. "दीड मीटर. दोन नंबरच्या शेडमध्ये रोज विणतो तेच."

शेठनी टेप स्वतःच्या हातात घेऊन माप परत एकदा वाचलं. मग त्यांनी फोन ओढला. एजंटला त्यांनी सगळ्या आयटमांना हो सांगितलं, आवाज अगदी शांत ठेवून, आणि रिसीव्हर ठेवल्यावर डोळे पुसले.

"बेटा," ते मला म्हणाले, "बाहेर नाडेवाला येऊन बसलाय. त्याला काय सांगायचं ते आता तूच सांग. मला न्हाय जमणार."