पेवाचं कार्ड

आमचा जिल्हा तेव्हा नुकताच नवा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्यांवरचं उस्मानाबाद पुसून लातूर रंगवत होते, आणि गावोगावच्या विहिरींनी तळ गाठला होता. मी एका प्राध्यापकांकडे शब्द गोळा करायचं काम करायची. निलंग्याच्या पुढे, हद्दीलगतच्या गावांत फिरायचं, कानडीतून मराठीत आलेले शब्द टिपायचे आणि त्यांचा अर्थ अजून तोच आहे की बदललाय ते पडताळायचं. एका शब्दाला एक कार्ड. माझं आजोळ हद्दीपलीकडचं, कानडी ऐकतच वाढलेली मी. त्याचा मला भारी तोरा.

सरांच्या अटी मात्र जाचक. दोन्ही भाषा बोलणाऱ्याला विचारायचं नाही, तो एकीचा अर्थ दुसरीत ओततो. अलीकडची तीन माणसं, पलीकडची तीन, एकमेकांना न भेटलेली. आधी वस्तू दाखवून नाव विचारायचं, मग त्या वस्तूचं काय काय करता ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वदवून घ्यायचं. “अर्थ विचारलास की माणूस मास्तरासारखा बोलतो,” सर म्हणायचे. “काम विचार.”

पेव हा शब्द मला अगदी हातचा मळ वाटला. ज्वारी साठवायचा जमिनीतला खोल खड्डा. कानडीत हगेवू. जुन्या कानडीतल्या ‘प’चा पुढे ‘ह’ झाला, मराठीनं ‘प’ तसाच ठेवला, म्हणजे शब्द आपल्याकडे फार पूर्वीच आलेला. अलीकडच्या गावात एका शेतकऱ्यानं अंगणातली दगडानं झाकलेली जागा पायानं ठोकून दाखवली. “ह्ये पेव. आमच्या बापानं भरलेलं हाय. आत जाळ करून वाळवायचं, कडेनं कडबा लावायचा, ज्वारी वतायची, वरून माती. पाऊस न्हाईच आला तर उघडू.” त्याचे वडील वारले होते. पेव उघडताना त्यानं स्वतः कधी पाहिलं नव्हतं. हे त्यानंच सांगितलं, मी लिहूनही घेतलं.

पलीकडच्या गावात एका म्हातारीनं तेच सगळं सांगितलं. जाळ, कडबा, ज्वारी, माती. आणि वर म्हणाली, दगड काढला की दिवसभर उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. विझला तर कुणी उतरायचं नाही. आतली हवा माणूस मारते.

मी कार्डावर लिहिलं, ‘अर्थ तोच.’ कंदिलाचं वहीत राहिलं. म्हटलं, हे काय शब्दाच्या अर्थात येतं होय!

आठवड्यानं सरांनी कार्ड परत दिलं. खाली लाल शाईत एकच ओळ होती: ‘अलीकडचे लोक उघडताना काय करतात?’ माझं डोकंच फिरलं. एवढ्या उन्हात, जीपच्या टपाला लोंबकळत, एका ओळीसाठी पुन्हा जायचं? सरांना कोश करायचाय की पुराण? चार दिवस मी ते कार्ड दप्तरातून काढलंसुद्धा नाही.

पाचव्या दिवशी गेले. अंगणात दगड बाजूला पडला होता. त्या शेतकऱ्याची बायको भिंतीला टेकून बसली होती, भोवती चार बाया. आदल्या दिवशी सकाळी पेव उघडलं आणि तो लगेच उतरला, शेजारणीनं हळू आवाजात सांगितलं. एकदा हाक दिली, मग आवाजच नाही. त्याच्यामागे भाऊ उतरायला निघालेला, त्याला लोकांनी धरून ठेवलं म्हणून तो वाचला. ज्वारी खाली तशीच होती.

अर्थ तोच नव्हता. पलीकडे हगेवू म्हणताना कंदील त्यात होता, अलीकडे या घरात पेवातून तो गळून गेला होता. तीच फट शोधायला सरांनी मला धाडलं होतं. ती माझ्या वहीत होती, माझ्याच अक्षरात.

मला तिथून पळून जावंसं वाटलं. पण मी त्याच्या बायकोसमोर बसले आणि न राहवून कंदिलाचं बोलून गेले. का बोलले, अजून कळत नाही. तिनं मान वर केली.

“तुमाला म्हाईत व्हतं, बाई?”

“हाव.”

“कवापासून?”

“दोन आठवड्यांपासून.”

तिनं माझ्या हातातल्या कार्डाकडं पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं. “मंग ह्यात काय लिवलंय?” तिनं विचारलं.

मी तिला वाचून दाखवलं, ‘अर्थ तोच.’