नाथाजी हवालदारांची बेभरवशाची साखर

नाथाजी हवालदार पलटणीतून निवृत्त होऊन फलटणजवळच्या आपल्या गावी आले ते शिस्त आणि मधुमेह घेऊनच. आजाराला आता चोवीस वर्षं झाली होती. रोज एकच्या ठोक्याला इन्सुलिन, मग जेवण, आणि तीनला व पुन्हा संध्याकाळी बोट टोचून साखर बघायची, वहीत लिहायची. घड्याळ चुकेल पण हवालदार चुकणार नाहीत, असं गाव म्हणे.

वर्षभर मात्र वहीतले आकडे चाळे करत होते. जेवून दोन तासांनी साखर साठावर यायची, हात थरथरायचे; आणि संध्याकाळी काही न खाता तीनशे. बायको बनुबाईंचा तर्क सरळ होता: खाल्ल्याबिगर साखर चढत नाही, म्हणजे गडी चोरून गूळ खातो. "आवं, पलटणीत जिंदगी काढली आन् म्हातारपणी चोरी?" असं त्या चार बायकांदेखत म्हणाल्या. नाथाजींना ते फार लागलं. बाहेरचं माहीत नाही, पण घरात ते कधी खोटं बोलले नव्हते.

मग पथ्य कडक झालं. बाजरीची भाकरी, मोडाची मटकी, कच्ची मेथी. नाथाजींचं पोट चार घासांतच गच्च व्हायचं. सकाळी ओकारी झाली की तीत रात्रीची मटकी जशीच्या तशी.

"नीट चावत न्हाई तुमी," बनुबाईंनी निकाल दिला. त्यांचा जीव होता नवऱ्यावर, म्हणून तर एवढा जाच.

एका दुपारी त्या शेजारून परतल्या तर नाथाजी स्वयंपाकघरात आडवे, घामानं चिंब, बेशुद्ध. शेजारी गुळाचा डबा उघडा. वहीत शेवटचा आकडा अठ्ठेचाळीस.

साताऱ्याच्या दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज गेलं तेव्हा डोळे उघडले. तिथल्या डॉक्टरीण राजेश्वरीबाईंनी साखरेआधी ओकारीचं विचारलं. दुर्बीण घालून पाहिलं. पोटाची वाट मोकळी होती. मग यंत्राला दिसेल असं औषध कालवलेली इडली खायला घालून चार तास फोटो काढले. एवढ्या वेळात दहावा हिस्साही उरायला नको. नाथाजींच्या पोटात निम्मी इडली तशीच होती.

"जुन्या मधुमेहानं जठराच्या नसा मंदावल्यात," बाई म्हणाल्या. "अन्न तिथंच अडकतं आणि इन्सुलिन वेळेवर काम करून मोकळं होतं, म्हणून आधी साखर पडते. अन्न उशिरा उतरलं की चढते. भाकरी-मटकी बंद. मऊ, थोडं थोडं, चार-पाच वेळा. इन्सुलिन मी सांगेन तेवढं, आणि जेवल्यावर. तरी आकडे थोडे हलणारच. साखर पडली तर मात्र लगेच साखरपाणी."

बनुबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई गेल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "डबा उगडा हुता. ढेप तशीच हुती. एक खडा तोंडात का न्हाई टाकला तुमी?"

"हातात घेतला हुता," नाथाजी म्हणाले. "मग तुजं पाऊल वाजल्यागत वाटलं. म्हनून परत ठिवला."