प्रश्न मांडणाऱ्याचं नाव

ऑफिसात तिला टिपकागद म्हणत. पाठीमागे नव्हे, तोंडावरच. पंधरा माणसं तासभर बोलली की त्यातला कामाचा थेंब तेवढा ही टिपून घेते, म्हणून टिपकागद. तिलाही ते नाव आवडायचं. एके काळी ती स्वतः प्रोग्राम लिहायची. मग नवी पोरं आली, नव्या भाषा आल्या आणि कोणी फारसं काही न बोलता तिच्या हातात डिसिजन लॉग आला. म्हणजे प्रोजेक्टमध्ये काय ठरलं आणि का ठरलं, याची नोंद. ज्या कामाचा सगळ्यांना कंटाळा, ते बाईमाणसाकडे सरकतं, ही जगाची रीत. पण तिने ते जीव ओतून केलं.

स्टँडअप, म्हणजे रोजची छोटी बैठक, सकाळी, खिडकीजवळच्या पांढऱ्या फळ्यासमोर, उभ्याउभ्या. कोणी लांबण लावू नये म्हणून उभं राहायचं. तरी घोडं रोज कुठे ना कुठे पेंड खायचंच. प्लॅनिंगची बैठक दर पंधरवड्याला, बंद खोलीत, आणि तिथे तर चर्चेचं गुऱ्हाळच. ही कोपऱ्यात बसून सगळं ऐकायची आणि दूध आटवावं तसं आटवत आणायची. काय ठरलं, का ठरलं, कोणते पर्याय सोडले, प्रश्न कोणी मांडला. जुनी नोंद कधी खोडायची नाही, हा नियम. निर्णय बदलला तर नवी नोंद करायची आणि जुनीवर ‘आता ही पाहा’ असं लिहायचं.

प्रश्न मांडणाऱ्याचं नाव लिहायची पद्धत तिची स्वतःची. ज्याला शंका सुचते त्याचं कोणी कौतुक करत नाही, निदान नोंदीत तरी त्याचं नाव राहावं, असं तिला वाटायचं. या रकान्यात सगळ्यांत जास्त वेळा नाव यायचं टेस्टरचं. सॉफ्टवेअर कुठे मोडेल ते शोधायचं हेच त्याचं काम, म्हणून तो शंकासूर. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं, म्हातारे आईवडील त्याच्याच आधारावर होते, आणि इतकं असूनही तो गप्प बसत नसे. टिपकागदला तो धाकट्या भावासारखा.

सॉफ्टवेअर होतं घरोघरी जाणाऱ्या नर्सबाईंसाठी. कोणत्या रुग्णाकडे कधी जायचं ते त्यांच्या फोनवर दिसे, आणि तिथे काय आढळलं ते त्या फोनवरच लिहीत. रेंज नसली तर लिहिलेलं फोनमध्येच थांबे आणि रेंज आली की सर्व्हरकडे जाई. मधल्या वेळात ऑफिसमधून कोणी त्याच भेटीत काही बदललं, तर खरं कोणाचं धरायचं? प्लॅनिंगमध्ये ठरलं: ज्यावर नंतरची वेळ, ती नोंद खरी. दुसरी जाईल.

“जाईल म्हणजे?” शंकासूर म्हणाला होता. “नर्सने सकाळी काही महत्त्वाचं लिहिलं आणि दुपारी ऑफिसने नुसता फोन नंबर बदलला, तर सकाळचं सगळं पुसलं जाणार. दोन्ही ठेवा. माणसाला दाखवा, त्याला ठरवू दे.”

“पुढच्या टप्प्यात बघू,” मॅनेजर म्हणाला. “आत्ता वेळ कुठाय?”

शंकासूरने तोच विषय स्टँडअपमध्ये पुन्हा काढला, आणि पुन्हा काढला. शेवटी शेवटी लोक हसायला लागले. टिपकागदने ते सगळं आटवलं. निर्णय: नंतरच्या वेळेची नोंद ग्राह्य. कारण: वेळेत काम पूर्ण करणे. पर्याय: चर्चा झाली. प्रश्न मांडणारा: टेस्टर. नोंद सुटसुटीत झाली म्हणून तिला समाधानही वाटलं होतं.

मग एके दिवशी सकाळी एका नर्सने तळघरातल्या एका घरासमोर उभं राहून लिहिलं, ‘आजींनी दार उघडलं नाही. आतून आवाज आला. कोणीतरी लगेच येऊन पाहा.’ रेंज नव्हती, त्या भागात दिवसभर नव्हतीच; लिहिलं म्हणजे पोचेल, असं धरून ती पुढच्या घरी गेली. दुपारी ऑफिसमधल्या कारकुनाने त्याच भेटीत आजींच्या मुलाचा नवा फोन नंबर घातला. संध्याकाळी नर्सचा फोन रेंजमध्ये आला तेव्हा सर्व्हरने दोन वेळा ताडून पाहिल्या आणि सकाळची नोंद मुकाट्याने टाकून दिली. आजी सापडल्या तेव्हा फार उशीर झाला होता.

चौकशीला बाहेरून एक बाई आल्या. हुशार, नम्र आणि घाईत. त्यांनी लॉग वाचला आणि त्या नोंदीवर बोट ठेवलं. “म्हणजे हे टेस्टरने सुचवलं होतं?”

“प्रश्न त्याने मांडला,” टिपकागद म्हणाली. “निर्णय त्याचा नव्हता. तो तर विरोधात होता.”

“तसं कुठे लिहिलंय?”

कुठेच लिहिलेलं नव्हतं. मांडणाऱ्याचं नाव होतं, ठरवणाऱ्याचा रकानाच नव्हता. निर्णय सगळ्यांचा असतो, असं ती धरून चालली होती. बैठकांचं रेकॉर्डिंग? नोंद झाली की रेकॉर्डिंग पुसायचं, लॉग हाच शेवटचा शब्द, असंही एकदा ठरलं होतं. ती नोंदही तिच्याच हातची, तीही सुटसुटीत.

बाईंनी टेबलाभोवतीच्या माणसांना विचारलं. मॅनेजरला नीट आठवत नव्हतं. बाकीच्यांनी मूग गिळले. जे तेव्हा हसले होते त्यांनाही काही आठवेना.

टिपकागदने त्याच दिवशी नवी नोंद केली. टेस्टरने धोका दाखवला होता, दोन्ही नोंदी ठेवा म्हणाला होता, मॅनेजरने ते पुढे ढकललं. सगळं सविस्तर लिहिलं. मॅनेजरने ती वाचली आणि थंडपणे म्हणाला, “मॅडम, तारीख आजची आहे. वरातीमागून घोडं. उलट लोक म्हणतील, सारवासारव चाललीय.”

तो नीच माणूस होता, पण त्याचं म्हणणं खरं होतं. त्या नोंदीला कोणी विचारलं नाही. जुन्या नोंदीत नाव एकट्या शंकासूरचं होतं, ठपका त्याच्यावरच आला.

घरी नवरा म्हणाला, “चोर सोडून संन्याशाला फाशी. पण तू तर काही खोटं लिहिलं नाहीस.”

“नाही ना,” ती म्हणाली. “एक अक्षरही खोटं नाही.” आणि ती रडायला लागली. त्याला कळेना, यात रडण्यासारखं काय.

शंकासूरला काढलं. जाताना तो तिच्या टेबलापाशी आला. तो भांडेल असं तिला वाटलं होतं. भांडला असता तर बरं झालं असतं.

“ताई, तुम्ही ऐकलं होतंत ना?”

“ऐकलं होतं रे. प्रत्येक वेळी.”

“मग लिहिलं का नाही?”

तिच्याकडे उत्तर होतं. लांबण होत होती, तेच तेच होतं, वाचणाऱ्याला कंटाळा आला असता. असं उत्तर त्याच्या तोंडावर द्यायचं कसं? तो गेला. त्यानंतर तिने त्याला दोनदा फोन केला. त्याने उचलला नाही, आणि तिसऱ्यांदा करायची तिची हिंमत झाली नाही.

तिने लॉगमध्ये नवे रकाने घातले. ठरवलं कोणी. विरोध कोणाचा, आणि त्याच्याच शब्दांत काय. सगळ्यांना समजावून सांगितलं. माना हलल्या.

त्यानंतरच्या सोमवारी स्टँडअप नेहमीसारखाच भरला. नर्सबाईंच्या औषधांच्या यादीचा विषय निघाला. मॅनेजरने काय करायचं ते सांगितलं आणि विचारलं, “कोणाला काही शंका?”

कोणी बोललं नाही. स्टँडअप कधी नव्हे तो वेळेत संपला. तिने विरोधाचा रकाना रिकामा सोडला.

ती जागेवर येऊन बसते न बसते तोच एक प्रोग्रामर मागून आला. इकडे तिकडे पाहत हळूच म्हणाला, “ताई, त्या औषधांच्या यादीत मला एक गोष्ट खटकतेय. पण माझं नाव नका लिहू.”

“नाही लिहिणार. बोल ना.”

त्याने तिच्या स्क्रीनकडे पाहिलं. लॉग उघडाच होता.

“जाऊ दे,” तो म्हणाला. “काही नाही.”