टॉवेल आणि मळी

मी टॉवेलांचे ग्राफ काढते. सोलापुरात एवढं पुरतं. बाहेरच्यांना फोड करून सांगावं लागतं. जॅकार्डच्या मागावर कुठला धागा कुठे वर उचलायचा, हे चौकट-चौकट मांडून ठरवावं लागतं. ते काम मी घरातल्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटरवर करते. आधी एका कारखान्यात होते. मग स्वतःचं सुरू केलं, चार ठिकाणची कामं मिळायची. ती एकेक करून गळाली आणि शेवटी एकच मालक उरला. तोही एकदा चहा पुढे सरकवत म्हणाला, "मॅडम, मोर, कुयरी, वेलबुट्टी तर आता माझा फोनसुद्धा काढून देतोय की. सोमवारी काहीतरी वेगळं आणा. नसेल तर मग बघू."

"मग बघू" म्हणजे काय, ते कारखान्यात नोकरी केलेल्या माणसाला समजावून सांगायला नको. हा मालक सुटला असता तर धंदा बंद, कॉम्प्युटरवर फडकं, आणि या वयात कुणाच्या तरी दारात उभं राहून नोकरी मागायची. 

घरी येऊन स्क्रीनसमोर बसले तर डोकं ठप्प. पांढरा पडदा आणि मी. हात आपोआप मोराच्या मानेचा बाक काढायचा, मी पुसायची, तो परत काढायचा. सासूबाईंवर खेकसले, दूधवाल्यावर खेकसले. मग फोनवर एक व्हिडिओ सापडला. त्यात उन्हाळ्यात कोट घातलेला एक गृहस्थ एकट्यानं काम करणाऱ्यांना अडकल्यावर काय करायचं ते शिकवत होता. एरवी अशा माणसाचं मी दोन मिनिटं ऐकलं नसतं.

पहिला उपाय: दहा मिनिटांचा गजर लावायचा आणि सुचेल ते लिहीत सुटायचं. थांबायचं नाही, खोडायचं नाही, बरं-वाईट नंतर ठरवायचं. मी गजर लावला आणि प्रत्येक ओळ लिहून लगेच खोडली. सवयच ती, ग्राफमध्ये एक चौकट चुकली तर सगळा माल वाया जातो. गजर वाजला तेव्हा कागदावर नुसती खाडाखोड होती. दुसऱ्यांदा दात-ओठ खाऊन खोडणं टाळलं. आधी मोर, कमळ, हत्ती असं नेहमीचं सगळं आलं. मग आटलंच. आटल्यावरही लिहीत राहायचं, असं तो कोटवाला म्हणाला होता, म्हणून "गॅसची शेगडी", "कंटाळा", "मला काही येत नाही" असंही लिहिलं. शेवटचं वाक्य वाचून मला रडू आलं.

मग उलटी यादी: चांगला टॉवेल सुचत नसेल तर वाईटात वाईट टॉवेल कसा करता येईल ते लिहा. ही मात्र भराभरा झाली, रागात होते ना! रंग जाणारा, पाणी न टिपणारा, आणि ज्याला आधी कुणीतरी पाय पुसलेत आणि मग आपण तोंड पुसतो असा. हे आमच्या घरात रोजचंच होतं. लिहून कागद बाजूला टाकला. वाईट टॉवेल घेऊन मालकाकडे थोडंच जाणार होते?

तिसरा उपाय जबरदस्तीच्या सोयरिकीचा. कामाशी काडीचा संबंध नसलेला एक शब्द घ्यायचा, त्याचे गुण लिहायचे, आणि प्रत्येक गुण ओढूनताणून आपल्या कामाला जोडायचा. अट एकच, शब्द आपण निवडायचा नाही. मी डोळे मिटून वर्तमानपत्रावर बोट ठेवलं. "अधिसूचना" आलं. नको म्हणून परत ठेवलं. "निविदा". परत. बोट सरकवत सरकवत मी "पिसारा"वर आणलं! म्हणजे परत मोरच. स्वतःच्याच मुस्कटात मारावीशी वाटली.

म्हणून सासूबाईंना हाक मारली. त्यांना मी अव्वा म्हणते. त्यांचं माहेर अक्कलकोटकडचं, मराठी छान बोलतात, पण घाईत आणि रागात कन्नडच येतं. म्हटलं, "अव्वा, मनात येईल तो एक शब्द सांगा."

"कशाला गं?"

"कामाला."

"मग मोर लिही की. मोर लई छान दिसतोय टॉवेलावर."

मी टेबलावर डोकं टेकवलं. "अव्वा, कामाचा नको. विचार न करता सांगा."

"विचार न करता मी कधी बोलले?" असं म्हणून त्या फणकाऱ्यानं गॅलरीत गेल्या. मी पेन धरून बसले. थोड्या वेळानं तिकडून मोठ्यानं आवाज आला, "मळी! मळी!"

मी लिहिलं: मळी. साखर कारखान्यातली. टॉवेलाला यापेक्षा वाईट शब्द मिळाला नसता, म्हणून यावेळी बदलायचा नाही असं ठरवलं. गुण: काळपट तपकिरी. चिकट. हळू ओघळते. साखर काढून घेतल्यावर उरते. वास मारते. आता जोडा. उरते, म्हणजे उरलेल्या सुताचा टॉवेल? तो तर आधीच निघतो. ओघळते, म्हणजे काठावरून ओघळ? ठीक, पण पुढे काय? काळपट. मळखाऊ. मळ. आणि तिथे मला तो बाजूला टाकलेला कागद आठवला. मळ दिसू नये तिथे गडद, आणि तोंड पुसायचं तिथे पांढरं! एकाच टॉवेलात हातापायांची जागा वेगळी आणि तोंडाची वेगळी, बघता क्षणी कळणारी.

एवढ्यात अव्वा भिजलेल्या कुरडयांचं सूप घेऊन समोर उभ्या राहिल्या. "मळी, मळी म्हणून बोंबलतेय, बहिरी झालीस काय? वाळवण गेलं सगळं!"

कन्नडमध्ये मळी म्हणजे पाऊस. या घरात इतकी वर्षं ऐकलेला शब्द, पण त्या क्षणी माझे कान फक्त मराठीची वाट बघत होते. अवकाळी सर येऊन गेली आणि मी खोलीत बसून मळीचे गुण लिहीत होते. मी अव्वांना मिठीच मारली. त्यांना वाटलं, डोक्यावर परिणाम झाला.

मग एक टोक पायांसाठी तपकिरी, बाकी पांढरं असा ग्राफ मांडायला घेतला आणि परत तोंडचं पाणी पळालं. दोन रंगांच्या जॅकार्ड टॉवेलात पुढे जिथे तपकिरी तिथे मागे पांढरं येतं. टॉवेल उलटा पडला की पायांचं टोक पांढरं दिसणार आणि माणूस बिनधास्त त्यानंच तोंड पुसणार. रविवार त्यातच गेला. शेवटी उत्तर मिळालं: टोकाला नको, लांबीच्या एका कडेला पट्टा घ्यायचा. तेवढ्या रुंदीत वरच्या आणि खालच्या, दोन्ही बाजूंच्या लूपचं सूत तपकिरीच भरायचं. कसाही फिरवा, पट्टा पट्टाच राहतो.

सोमवारी मालकानं ऐकलं, कागद उलटसुलट करून पाहिला आणि त्याचा चेहरा उजळला. "मॅडम, हे खपणार बघा! घराघरात जाणार हे." मला इतका आनंद झाला की काय सांगू. मग त्यानं फोन उचलून सुपरवायझरला बोलावलं आणि म्हणाला, "आणि सोपं किती! नुसता उभ्या धाग्यात, ताण्यात रंग बदलायचा. साध्या मागावर निघेल. जॅकार्ड नको, ग्राफ नको."

ग्राफ नको. मी तेवढंच ऐकलं. तीन दिवस डोकं आपटून मी असा टॉवेल शोधला होता ज्याला माझी गरज नव्हती. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, तो खरोखर खूश होता. सुपरवायझर कागद घेऊन निघालासुद्धा.

"कागद ठेवा तो," मी म्हणाले. आवाज मलाच ओळखू आला नाही. "बिल व्हायचंय."

"कशाचं?" मालकानं भाबडेपणानं विचारलं. "ग्राफ तर नाहीच ना यात. बिलात लिहायचं काय?"

माझ्या बिलांवर आजवर एकच शब्द होता, ग्राफ. या कामाला काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं, आणि त्यालाही नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हणाले. "पण ते लिहिल्याशिवाय मी उठणार नाही."

मालकानं माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि सुपरवायझरला म्हणाला, "बस जरा." मग तिघंही त्या शब्दाचा विचार करत बसलो.