मामाच्या पायाचं माप

आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. बाहेरच्यांना हे सांगितलं की ते आधी हसतात, मग खरंच का म्हणून विचारतात. खरंच. भाची चार वर्षांची असो की चाळिशीची, मामानं वाकायचं आणि भाचीनं आपलं उभं राहायचं. भाचीचा हात मामाच्या पायाला लागला तर पाप मामाच्या माथी. माझा अल्लीपूरचा मामा या बाबतीत भारी कडक. लहानपणी मी त्याच्या अंथरुणाजवळून पळत गेले तरी तो पाय आखडून घ्यायचा.

आणि माझं नशीब बघा, लग्न होऊन मी आले ती हिंगणघाटच्या चपला-बुटांच्या दुकानात. गल्ल्यावर नवरा आणि गिऱ्हाइकासमोर मी. सकाळपासून लोकांचे पाय हातात. मास्तरांचे, हमालांचे, नवरदेवांचे, सगळ्यांचे. पाय बघितला की नंबर सांगायचा, बूट घातला की पुढच्या टोकावर अंगठा दाबून बोट टेकतंय का ते बघायचं, एवढं मला पक्कं जमायचं. साऱ्या तालुक्याचे पाय मी हाताळले, मामाचा सोडून.

मामाचं अल्लीपुरात कापडाचं दुकान. मामी वारलेली, एकुलता मुलगा अमेरिकेत. मामाला पुष्कळ वर्षांपासून साखरेचा आजार होता, आणि गोड कमी कर म्हटलं की तो दुसऱ्यांच्या पेढ्यांवर टीका करून स्वतःचा खायचा. मग एका बाजारच्या दिवशी तो आमच्या घरी आला तो एकाच पायात चप्पल घालून. दुसरी वाटेत कुठं निसटली हे त्याला कळलंच नाही. लोक हसले, तोही हसला. मी मात्र त्याला धरून वर्ध्याला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तळव्याला बारीक तार टोचून पाहिली. मामा छताकडे बघत होता आणि म्हणत होता, "टोचा ना, कवा टोचता?"

डॉक्टर म्हणाले, पाय बधिर झालेत. चप्पल बंद. बंदिस्त, मऊ, पुढून रुंद बूट घाला. जखम झाली तर कळणार नाही, आणि कळेल तेव्हा पाय वाचवणं अवघड होईल.

तसले बूट तेव्हा आमच्या दुकानात नव्हते, नागपूरहूनही मनासारखे मिळाले नाहीत. मामेभावानं फोनवर सांगितलं, "ताई, इथं साखरवाल्यांसाठी वेगळे बूट असतात, इंटरनेटवर ऑर्डर करता येतात. तू फक्त माप पाठव." त्याचा एक मित्र लग्नासाठी नागपूरला येणार होता, त्याच्याबरोबर बूट यायचे होते. म्हणजे नाही बसले तर परत करायची सोय नाही, हे मी तेव्हाच मनाशी बोलले होते.

सायबर कॅफेत जाऊन मी त्याची मेल छापून घेतली. त्यात त्या कंपनीचा नंबरांचा तक्ता होता. आपल्याकडचा नंबर म्हणजे इंग्लंडचा नंबर. अमेरिकेचा पुरुषांचा नंबर त्याच्याहून एकानं पुढं धावतो आणि बायकांचा आणखी वेगळा. आपला सात म्हणजे त्यांचा आठ, युरोपचा एक्केचाळीस, आणि पायाची लांबी सव्वीस सेंटिमीटर. आपला सहा म्हणजे त्यांचा सात, लांबी पंचवीस. नंबरापेक्षा सेंटिमीटरवर भरवसा ठेवावा, कारण सेंटिमीटर सगळ्या जगात सारखाच असतो. हे सगळं मी पाठ करून अल्लीपूरला गेले, बरोबर कोरे कागद, पेन्सिल, पट्टी आणि मामासाठी जाड मोजे.

मामानं नेहमीसारखं वाकून माझ्या पाया पडून घेतलं. मग मी कागद जमिनीवर पसरला, कडा भिंतीला टेकवली आणि म्हणाले, "मामा, मोजे घाला न् टाच भिंतीले लावून उभे राहा. म्या पेन्सिल फिरवतो."

"तू? माह्या पायाले हात लावशीन?"

"कागदाले लावीन. पेन्सिल मधात राहीन."

"मले पाप चढवून राह्यली का बाई तू? तुही मामी वरून पाह्यते." तो दोन पावलं मागेच सरकला. "आन मले मोजनं शिकवते? जन्मभर कापड मोजलं म्या. कोनाले बोटभर कमी देल्लं नाई. आन कागद, म्याच मोजतो."

मी म्हटलं, शेजारच्या कुणाला बोलवा. ते त्याला कमीपणाचं वाटलं. म्हटलं, निदान संध्याकाळी मोजा, दिवसभरात पाय सुजतो, सकाळचं माप लहान येतं. तर म्हणे संध्याकाळी दुकानात गर्दी राह्यते. शेवटी मी दारात उभी राहून नुसतं तोंड चालवत होते. "बसू नका, उभं राहा, पायावर वजन आलं की पाय पसरते. पेन्सिल सरळ धरा, आत तिरपी करू नका. अंगठ्यापाशी मोजू नका, तुमचं दुसरं बोट लांब आहे." ते दुसरं बोट मला लांबूनसुद्धा दिसत होतं, अंगठ्याच्या चांगलं पुढं आलेलं.

तो खाटेवरच बसला. एका हातानं गुडघा धरून, पेन्सिल बोटांच्या खाली सारत त्यानं रेघ ओढली आणि पट्टी अंगठ्याला लावली. "पुरे पंचवीस," म्हणाला. दुसरा पाय मोजायला त्याला कंटाळा आला. "दोनी पाय एकाच मायचे आहेत ना?" म्हणाला. मला इतका राग आला की चहा न घेता बस पकडली. पायाची वहाण पायीच बरी म्हणतात, पण आमच्याकडे पायच देव्हाऱ्यात बसले होते.

तरी मी दुसऱ्या दिवशी भावाला मेल लिहिली. पंचवीस आलंय पण ते खोटं आहे, बसून घेतलंय, अंगठ्यापर्यंतच घेतलंय, मी पुन्हा कुणाकडून घेऊन पाठवते, तोवर ऑर्डर देऊ नकोस. पण मोजलं त्याच रात्री मामानं स्वतःच मुलाला फोन केला होता. पंचवीस हे माप सांगितलं होतं आणि चप्पल उलटी करून तळाचा आकडाही वाचून दाखवला होता, सात. मुलानं तक्ता काढला. अमेरिकेच्या पुरुषांच्या रांगेत सातच्या समोर पंचवीस. वडिलांचा नंबर सात, वडिलांचं माप पंचवीस, दोन्ही एकमेकांशी बरोबर जुळलं, आणि मित्र तर निघायच्या बेतात होता. त्यानं लागलीच ऑर्डर दिली आणि माझी मेल त्यानंतर उघडली. दोन चुका एकमेकींची साक्ष देत उभ्या राहिल्या, तर तो बिचारा संशय कुणावर घेणार? वेगवेगळी चूक झाली असती तर त्यानं विचारलं तरी असतं.

"ताई, दोन्हींचा मेळ बसतोय," तो मला फोनवर म्हणाला. मी सांगितलं की मामाचा सात आपला सात आहे, तुझा नाही. तो म्हणाला, "रुंदी जास्तीची घेतली आहे, चालून जाईल." बूट तोवर निघाले होते. मी मामाला बजावलं, आले की आधी मला दाखवा, मगच घाला.

त्यानं कुठं दाखवले? मुलानं सातासमुद्रापलीकडून पाठवलेले बूट कोण डब्यात ठेवील? त्यानं ते पहिल्याच दिवशी चढवले आणि साऱ्या गावातून हिंडला. मी फोन केला तर म्हणाला, "लय नरम आहे बाई. पायात आहे का नाई, समजतच नाई." हे ऐकून मी दचकायला हवं होतं तशी दचकले, आणि लगेच या म्हणाले. तो पुढच्या बाजाराला येतो म्हणाला, मग त्याच्या पुढच्या.

एकदाचा तो आमच्या दुकानात आला. नवा सदरा, पायात करडे बूट, चेहऱ्यावर लग्नातल्या वरबापाचा थाट. आधी माझ्या पाया पडला, मग गिऱ्हाइकाच्या बाकावर बसून त्यानं एक पाय पुढं केला. "पाह्य. पोरानं धाडले."

कुणाच्याही बुटावर जातो तसा माझा अंगठा त्याच्या बुटाच्या टोकाकडे गेला आणि त्यानं पाय मागं घेतला. मी म्हटलं, मग तुम्हीच काढा. त्यानं काढला. बुटाच्या जिभेच्या आतल्या पट्टीवर लिहिलं होतं, अमेरिका सात, इंग्लंड सहा, युरोप चाळीस. मामा सात नंबर घालणारा माणूस, आणि पंधरवडाभर सहात फिरत होता.

"मामा, हा सहा नंबर आहे. लहान आहे तुमाले."

"लहान असता तं पायाले समजलं नसतं का?"

मी त्याच्या पायाकडे बघितलं. मोज्याच्या टोकाला काळपट डाग वाळून कडक झाला होता.

तोही खाली वाकून बघत राहिला. "हे कायचं रक्त आहे?" त्यानं मला विचारलं, जणू काही मोजा दुसऱ्याच कुणाचा होता. मग मी परवानगी मागत बसले नाही. खाली बसले आणि त्याचा पाय धरून मोजा सोडवला. त्यानं पाय ओढायचा प्रयत्न केला, मी सोडला नाही. दुसऱ्या बोटाचं टोक पार गेलेलं होतं आणि अंगठा त्या बाजूनं निळा पडत चालला होता.

वर्ध्याला दवाखान्यात त्याला बरेच दिवस ठेवलं. उजव्या पायाचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, दोन्ही काढावी लागली. भाऊ तिकडून फोनवर रडत होता आणि मी त्याला तुझा दोष नाही असं सांगत होते. खरंच नव्हता. मामाचा तरी काय होता? तो माझा मान राखत होता. मला आजही कुणावर धड रागावता येत नाही, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. एका माणसानं एकदा वाकून पेन्सिल सरळ फिरवली असती तर एवढं काही झालं नसतं.

जखम भरल्यावर डॉक्टरांनी पुन्हा बूट मागवायला सांगितले. दोन्ही पाय वेगवेगळे मोजा, नंबर मोठ्या पायाचा घ्या, तुटलेल्या बोटांच्या जागी आत मऊ भरण घालून देऊ. संध्याकाळी मी कागद भिंतीला टेकवला आणि मामाच्या नकाराची वाट बघत बसले. या वेळी माझ्याकडे भांडायची सगळी तयारी होती.

त्यानं नकार दिला नाही. काठीच्या आधारानं उभा राहिला, टाच भिंतीला लावली आणि तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिला. मी आधी डावा पाय धरला, पेन्सिल उभी ठेवून दुसऱ्या बोटाच्या टोकावरून फिरवली. मग उजवा. तिथं पेन्सिल अंगठ्याच्या रिकाम्या जागेपाशी पोचली आणि लवकरच वळली.

"किती भरला?" त्यानं विचारलं.

"डावा सव्वीस."

"आन हा?"

मी पट्टी पुन्हा लावून बघितली. मग सांगितलं, "पंचवीसलेही थोडा कमी."

मामा पायाकडे बघून हसला. "म्हंजे आता येईन थो बूट," म्हणाला, "पोराले सांगजो, त्याचं माप काई चुकलं नवतं."