कागदाबाहेरचा छेदनबिंदू

दहावीत बाईंनी फळ्यावर x − y = 2 आणि 2x − 3y = −6 ही समीकरणं आलेखाने सोडवायला दिली. माझ्या दोन्ही रेषा कागदाच्या उजव्या कडेपर्यंत गेल्या, पण छेदल्या नाहीत.

शेजारची मैत्रीण म्हणाली, "समांतर आहेत वं. उकल नाही असं लिहून टाक."

मी पट्टीने दोन रेषांमधलं उभं अंतर मोजलं. Y-अक्षावर ते चार सेंटीमीटर होतं, कडेला एकच.

"जवळ येऊन राहिल्या त्या. कागदच कमी पडला."

मी डिंकाने दुसरा आलेख कागद जोडला आणि रेषा वाढवल्या. त्या (12, 10) वर छेदल्या. दोन्ही समीकरणांत किमती घातल्या, बरोबर आल्या. बाईंनी तो लांबलचक कागद वर्गभर फिरवला, तेव्हा मी ताठ बसले होते.