ताईची गुंतवळ

माझ्या पोटरीच्या शिरेत रक्ताची गाठ झाली, तेव्हा डॉक्टरांनी रक्त पातळ करणारी गोळी दिली. घरी येऊन पाकीट उलटून पाहिलं. ताईचीच गोळी.

तिसऱ्या महिन्यात कंगव्यात केस येऊ लागले. ताईचेही असेच आले होते.

तिच्या हृदयात धातूची झडप होती. चुलतभावाचं लग्न जवळ आलं तेव्हा ती आरशासमोर म्हणाली, "अंबाडा राहू दे, आता सुपारीएवढी गाठही बसत नाही बघ."

मी वाचत होते. "जीव वाचलाय ना? केसांचं काय घेऊन बसलीस!"

"तुझे गेले की बोलू," ती हसली. पुन्हा तिने तो विषय काढला नाही. माझ्याकडे नाही, डॉक्टरांकडेही नाही. दर रविवारी मी तिचं पाकीट बघायचे. गोळ्या बरोबर कमी झालेल्या असत. रक्ततपासणीला मात्र "लग्नानंतर जाऊ" म्हणायची.

लग्नाआधीच तिला झटका आला. झडपेवर धरलेली गाठ मेंदूत गेली होती. तिसऱ्या दिवशी ती गेली.

विंचरताना निघालेले केस बाहेर फेकायचे नाहीत, ही आईची शिस्त. गुंतवळ गुंडाळून पिशवीत ठेवायची आणि केसांवर भांडी देणारी भांडीवाली आली की तिला द्यायची. ताईची पिशवी मीच रिकामी केली. एक गुंडाळी जड लागली म्हणून उकलली. आत गोळी होती. मग एकेक उकलत गेले.

म्हणून मी माझी गोळी एकदाही चुकवली नाही. पण केसांबद्दल बोलणंही होईना. विंचरताना वाटे, ती मागे उभी राहून वाट बघते आहे.

शेवटी गंगापूर रोडच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी "आणखी काही?" विचारलं आणि मी म्हणाले, "केस फार जातात."

त्या हसल्या नाहीत. "या गोळीने होतं तसं काही जणांना. थायरॉईड आणि लोह पाहून घेऊ. किडनीचा रिपोर्ट चांगला असेल तर दुसरी गोळी देता येईल. केस तिनेही जाऊ शकतात, पण तुलनेने कमी. मात्र ही आपल्या मनाने बंद करायची नाही. मी सांगेन तेव्हा थांबवायची, रक्त तपासायचं, रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा दोनच्या खाली आला की नवी सुरू."

"धातूची झडप असती तर?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग हीच. तिथे त्या नव्या गोळ्या चालत नाहीत. कोणाला आहे?"

"बहिणीला होती."

"त्या बोलल्या असत्या तर बाकीची कारणं शोधली असती. निदान गोळी का सोडायची नाही, ते समजावलं असतं."

ती बोलली होती. माझ्याशी.

नवी गोळी सुरू होऊन पाच महिने झाले. कपाळाशी बारीक केस उगवताहेत. त्यांना हात लावणं मला अजून जमत नाही.